घड्याळ उलटं करून बघा

आमच्या मजल्यावर राहणारे काका एसटीतून निवृत्त झालेत. रक्तदाबाची गोळी नऊ वर्षांपासून चालू आहे. गेल्या दिवाळीत मुलाने त्यांना एक घड्याळ दिलं. मोठं, चौकोनी, कडेला नारिंगी बटण आणि पाठीवर सफरचंद. तेव्हापासून सकाळी जिन्यात भेटले की काका मनगट पुढे करून आकडा दाखवायचे. ११८/७८. दुसऱ्या दिवशी ११७/७८. तिसऱ्या दिवशी पुन्हा ११८. मार्चमधल्या एका सकाळी म्हणाले, “अगं, आता गोळी अर्धी करावी म्हणतो. बघ ना, महिनोन्‌महिने एकसारखं येतंय.”

मी म्हटलं, “काका, गोळी पूर्णच घ्या. आणि घड्याळ संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या.”

ॲपलचं कुठलंही घड्याळ रक्तदाबाचा आकडा दाखवत नाही. २०२५मध्ये कंपनीने काही नव्या मॉडेलांत एक सोय आणली. तीस दिवसांच्या नोंदी पाहून रक्तदाब वाढलेला असण्याची शक्यता वाटली तर घड्याळ सूचना देतं, डॉक्टरांकडे जा म्हणतं. पण ११८/७८ असा आकडा तेही देत नाही. म्हणजे काकांच्या घड्याळाचा निकाल जिन्यातच लागला होता. तरीही मी ते घरी नेलं, कारण प्रत्येक बनावट घड्याळ इतक्या उघडपणे स्वतःला पकडून देत नाही. हातात घेऊन, चालू न करताही ते ओळखता यावं, यासाठी कुठे बघायचं ते सांगायला हा नमुना चांगला होता.

मुलाने ते १४,००० रुपयांना घेतलं होतं. ओळखीच्या ओळखीतून, बिलाशिवाय. “कस्टमचा माल आहे, सील पॅक आहे, ओरिजिनल आहे,” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ॲपल वॉच अल्ट्रा २०२२ साली भारतात आलं तेव्हा त्याची किंमत ८९,९०० रुपये होती. मुलाला शंका आली नाही असं नाही. पण खोका जड होता, त्याला प्लॅस्टिकचं सील होतं आणि पडद्यावर सफरचंद उमटत होतं. तेवढ्यावर शंका मिटली.

घड्याळं आणि फोन दुरुस्त करणाऱ्या एका मित्राच्या दुकानात मी बरीच वर्षं जाते-येते. नकल ओळखण्याचं त्याचं सूत्र साधं आहे. नकल करणारा गिऱ्हाइकाची नजर जिथे जाते तिथे पैसे खर्च करतो आणि जिथे जात नाही तिथे वाचवतो. नजर पडद्यावर जाते, बटणावर जाते, खोक्याच्या झाकणावर जाते. पट्ट्याचा आकडा, घड्याळाची पाठ, पडद्याभोवतीची काळी किनार आणि खोक्याच्या तळाचं लेबल सहसा कुणी बघत नाही. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करायची.

त्याआधी एक फरक मनात पक्का हवा. स्वस्त घड्याळ म्हणजे बनावट घड्याळ नव्हे. शेन्झेनच्या ह्वाछियांगबेई बाजारातून जगभर जाणारी कितीतरी घड्याळं अल्ट्रासारखी दिसतात, पण ‘टी-८०० अल्ट्रा’सारख्या स्वतःच्या नावाने विकली जातात. ती नकली चेहऱ्याची असतील, पण ती ॲपलची आहेत असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडच्या ब्रँडांची दोन-अडीच हजारांची घड्याळंही साधी असतात आणि तशी असल्याचं लपवत नाहीत. बनावट घड्याळ ते, जे अंगावर दुसऱ्याचं नाव घेऊन येतं. बाजारात त्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, आणि गिऱ्हाईक नवखं दिसलं तर तेही म्हणत नाहीत. त्यामुळे घड्याळ चांगलं की वाईट हा प्रश्न इथे विचारायचाच नाही. ज्या मॉडेलचं नाव ते सांगतंय, त्या मॉडेलशी ते जुळतं का, एवढंच बघायचं. पुढची प्रत्येक तपासणी या जुळवणीची आहे.

काकांच्या घड्याळाला केशरी कापडी पट्टा होता. अल्ट्राबरोबर येणाऱ्या पट्ट्यांपैकी ‘अल्पाइन लूप’ या पट्ट्याची ती नक्कल होती. खऱ्या पट्ट्यात कापडाचे दोन थर एकत्र विणून एकच अखंड पट्टी तयार केलेली असते. वरच्या थरात ओळीने छोटे फासे उभे राहतात आणि इंग्रजी जी अक्षराच्या आकाराचा आकडा त्यातल्या एका फाशात अडकतो. हे फासे विणीतूनच तयार होतात, शिवलेले नसतात. नक्कल करणाऱ्याला तसा माग लावणं परवडत नाही. तो दोन पट्ट्या एकावर एक ठेवतो आणि ठरावीक अंतरावर आडवे टाके मारतो. दोन टाक्यांमधला भाग वर फुगला की फासा तयार.

काकांचा पट्टा उजेडात धरून मी फासे बोटाने उघडले. प्रत्येक फाशाच्या बुडाशी शिवणयंत्राचे टाके स्पष्ट दिसले. तीन ठिकाणी दोऱ्याची टोकं आगीने वितळवून गोळी करून ठेवलेली होती, नायलॉनच्या दोरीचं टोक आपण उदबत्तीने बंद करतो तशी. एका फाशाचे टाके उसवायला लागले होते. पाच महिन्यांत.

मग आकडा. खऱ्या पट्ट्याचा आकडा टायटॅनियमचा असतो आणि टायटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही. मी फ्रिजवरचा चुंबक काढून आकड्याजवळ नेला. तो टक्‌कन चिकटला. म्हणजे आकडा पोलादी होता आणि वरून राखाडी मुलामा दिलेला होता. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. चुंबक चिकटला तर आकडा टायटॅनियमचा नाही हे सिद्ध होतं. चिकटला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव आकडाही चुंबकाला दाद देत नाही, आणि स्वस्त बक्कल बहुधा त्याच धातूची असते. तेव्हा चुंबक चिकटला नाही म्हणून खूश होऊ नका. आकड्याच्या आतल्या वळणावर नख फिरवा. ओतीव आकड्याला साच्याच्या दोन भागांची जोडरेघ राहते आणि ती नखाला लागते. काकांच्या आकड्यावर आतल्या बाजूला मुलामा घासून पिवळट धातू वर आला होता. रंग मुरलेला नव्हता, वरवर बसवलेला होता.

पट्टा घड्याळाला जिथे जोडला जातो ती जागाही बोलते. खऱ्या घड्याळात पट्ट्याचं टोक खाचेत सरकवलं की मध्यावर येऊन ‘टिक्‌’ बसतं आणि मग हलत नाही. सोडवायला घड्याळाच्या पाठीमागची लांबट कळ दाबावी लागते. काकांच्या घड्याळात पट्टा बसला होता, पण अंगठ्याने ढकलला तर पाऊण मिलिमीटर इकडे-तिकडे डुलत होता. ही एक खूण पुरेशी मानू नये. कितीतरी लोक खऱ्या घड्याळालाही बाजारातला दोनशे रुपयांचा पट्टा लावतात आणि तोही असाच डुलतो. जुनं घड्याळ घेताना पट्ट्यावरून घड्याळाचा निकाल लावायचा नाही. सीलबंद खोक्यातून पट्टा असा निघाला, तर लावायचा.

आता पाठ. तपासणीत मला सर्वांत भरवशाची वाटते ती हीच जागा.

ॲपलचं घड्याळ पिनांनी चार्ज होत नाही. पाठीत तांब्याचं वेटोळं असतं, चार्जरच्या गोल चकतीत दुसरं, आणि दोन्ही जवळ आली की धातूला धातू न लागता ऊर्जा पलीकडे जाते. अल्ट्राची पाठ सिरॅमिक आणि सफायर काचेची, गुळगुळीत. तिच्यावर चार्जिंगची उघडी पिन असण्याचं कारणच नाही. काकांच्या घड्याळाच्या पाठीवर सेन्सरच्या भिंगाखाली दोन सोनेरी टिकल्या होत्या, मसुराच्या डाळीएवढ्या. चार्जर म्हणून पांढरी वायर, तिच्या टोकाला दोन पिनांचं चुंबकी डोकं आणि दुसऱ्या टोकाला जुना रुंद यूएसबी. खऱ्या अल्ट्राच्या चार्जरची वायर विणलेल्या आवरणाची असते आणि तिचं टोक टाइप-सी असतं. दोन टिकल्या पाहिल्या तिथेच तपासणी थांबवली असती तरी चाललं असतं. अर्थात अलीकडच्या महागड्या नकलांत बिनपिनांचं चार्जिंगही येतं. म्हणून टिकल्या दिसल्या तर घड्याळ खोटं, न दिसल्या तर पुढे बघायचं.

हीच जागा फिटनेस बँडमध्ये आणखी उपयोगी पडते, कारण तिथे प्रत्येक मॉडेलची चार्जिंगची पद्धत वेगळी आहे. शाओमीचा मी बँड ४ भारतात २०१९मध्ये २,२९९ रुपयांना आला. तो चार्ज करायला पट्ट्यातून गोळीच्या आकाराचा मुख्य भाग बाहेर काढावा लागतो आणि तो एका छोट्या खोबणीत बसवावा लागतो. त्याच्या पोटावर दोन बारीक संपर्कबिंदू असतात, ते खोबणीतल्या पिनांना टेकतात. पुढच्या वर्षीच्या मी बँड ५मध्ये पट्टा काढावाच लागत नाही, चुंबकी वायर पाठीला चिकटते.

रस्त्यावर चारशे-पाचशेला मिळणारा ‘एम ४’ बँड समोरून मी बँड ४सारखाच दिसतो. पण पट्टा एका बाजूने ओढून काढला की आतून सरळ यूएसबीचं चपटं टोक बाहेर येतं आणि तेच चार्जरमध्ये खुपसायचं असतं. बनवणाऱ्याचा खोबणी आणि वायर या दोन्हींचा खर्च वाचला. ही रचना पाहून कुणाला ती सोयीची वाटेल, आणि काही जण खरोखर तसं म्हणतातही. पण मी बँड ४ पाण्यात ५० मीटरइतका दाब सोसेल असा बनवलेला आहे, आणि चार उघड्या पट्ट्यांचं यूएसबी टोक पट्ट्याच्या रबराखाली लपवून घाम अडवता येत नाही. मित्राच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या अशा बँडांत त्या चार पट्ट्या हिरव्या पडलेल्या असतात. ‘एम ४’ स्वतःच्या नावाने विकला तर तो फक्त स्वस्त बँड आहे. तोच ‘मी बँड ४’ म्हणून, त्या खोक्यात, त्या खुणेसह विकला तर बनावट आहे, आणि ते पट्टा ओढल्याबरोबर कळतं.

नुसत्या दोन पिना दिसल्या म्हणून घाबरायचं मात्र नाही. आपल्याकडच्या अनेक साध्या घड्याळांना दोन पिनांचा चुंबकी चार्जरच असतो, आणि पिनांमधलं अंतर सारखं असलं तर एकाचा चार्जर दुसऱ्याला चालतो. दुकानदार पिनांमधलं अंतर बघूनच वायर काढून देतात. प्रश्न पुन्हा जुळवणीचा आहे. या मॉडेलला दोन पिना असायला हव्यात का?

काकांच्या मनगटावर, बरोबर त्या दोन टिकल्यांच्या जागी, लालसर दोन ठिपके होते. त्यांना वाटत होतं पट्टा घट्ट बसतो. संध्याकाळी मी घड्याळ मित्राकडे नेलं. त्याने मल्टिमीटरच्या दोन सळ्या त्या टिकल्यांना लावल्या. घड्याळ चार्जरला जोडलेलं नव्हतं, तरी काट्यावर ३.६ व्होल्ट आले. म्हणजे आतल्या बॅटरीचा दाब परत फिरून पिनांपर्यंत पोचत होता. नीट बनवलेल्या घड्याळात चार्जर नसताना बाहेरच्या पिना बॅटरीपासून तोडलेल्या असतात. इथे ती सोय बहुधा गाळलेली होती. घाम हा खारट, त्यात दोन धातू आणि त्यांच्यामध्ये थोडासा दाब. अशात धातू हळूहळू विरघळतो, पिना काळवंडतात आणि खालच्या कातडीला ते सोसत नाही. ठिपक्यांचं नेमकं कारण त्वचेचे डॉक्टर सांगतील. मुलामा दिलेल्या धातूतल्या निकेलचीही ॲलर्जी असू शकते. पण पिना काळ्या पडल्या असतील आणि खाली त्वचा लाल असेल, तर घड्याळ खरं असो की खोटं, ते हातातून काढायलाच हवं.

पडद्याची किनार बघायला दुकानाचे दिवे चालत नाहीत. उजेडात सगळ्या काळ्या काचा सारख्याच दिसतात, आणि विकणारा घड्याळ उजेडातच दाखवतो. रात्री खोलीतला दिवा घालवा, घड्याळाचा उजेड पूर्ण वाढवा आणि काळ्या पार्श्वभूमीचा एखादा डायल लावा. अल्ट्राचा पडदा ओएलईडी जातीचा आहे. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा असेल तर तो सरळ विझतो. त्यामुळे अंधारात काळी पार्श्वभूमी आणि पडद्याभोवतीची काळी किनार एकमेकांत मिसळून जातात. पडदा कुठे संपतो हे शोधूनही सापडत नाही. आकडे काचेवर तरंगल्यासारखे दिसतात.

स्वस्त नकलेत एलसीडी पडदा असतो. त्याच्या मागे एक दिवा सतत जळत असतो आणि पुढचा थर तो झाकून काळा रंग दाखवतो. पूर्ण झाकणं त्याला जमत नाही. काकांचं घड्याळ मी मोरीत नेऊन, दार लावून पाहिलं. काळा म्हणवणारा भाग राखेच्या रंगाचा उजळून निघाला आणि त्याच्याभोवतीची खरी काळी किनार अगदी वेगळी दिसायला लागली. ती चारी बाजूंना सारखी नव्हती. वर आणि दोन्ही कडांना साधारण दोन मिलिमीटर, खाली जवळजवळ साडेतीन. ही खालची हनुवटी एलसीडीची खूण आहे. पडद्याला चालवणारी चिप आणि बाहेर येणारी लवचीक पट्टी काचेच्या एका कडेला बसवावी लागते आणि स्वस्त पडद्यात ती कड लपवायला जागा उरत नाही. नकल करणारा मग डायलच्या चित्रातच वरच्या बाजूला काळी पट्टी रंगवतो, म्हणजे उजेडात वर-खाली सारखं दिसावं. अंधारात ती रंगवलेली पट्टीही राखाडी उजळते.

अल्ट्राच्या काचेबद्दल आणखी एक. ती सपाट सफायर काच आहे आणि टायटॅनियमची कड तिच्या चारी बाजूंनी किंचित वर आलेली आहे, काचेला मार लागू नये म्हणून. बोट काचेवरून कडेकडे सरकवलं की सगळीकडे सारखा, स्वच्छ उंबरठा लागतो. काकांच्या घड्याळात उजव्या कोपऱ्यात काच कडेपेक्षा वर होती आणि डाव्या कोपऱ्यात खाली, आणि मधल्या फटीत पाच महिन्यांची धूळ बसलेली होती. जिथे धूळ जाते तिथे पाणीही जातं.

ही अंधाराची परीक्षा वापरताना खोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. घड्याळाच्या कंपनीने एलसीडी, टीएफटी किंवा आयपीएस असं स्वतःच छापलं असेल, तर राखाडी काळा हा त्याचा दोष नाही. खोक्यावर ॲमोलेड लिहिलेलं असताना पडदा राखेसारखा उजळला, तर माल खोटा. महाग नकलांत आता खरे ॲमोलेड पडदेही येतात, तेव्हा ही परीक्षा पास झाली म्हणून घड्याळ खरं ठरत नाही.

शेवटी खोका. काकांच्या मुलाने तो सांभाळून ठेवला होता, ते बरं झालं. झाकणावरचं चित्र उत्तम होतं. तळाचं लेबल मी घड्याळजींच्या दहापट भिंगाखाली धरलं. असं भिंग नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यातून अगदी जवळून फोटो काढून मोठा केला तरी चालतं. मूळ कारखान्यात छापलेली बारीक काळी अक्षरं भरीव काळ्या शाईची असतात, त्यांच्या कडा एकसंध असतात. नकल करणारा मूळ खोका स्कॅन करतो आणि ते चित्र पुन्हा छापतो. तेव्हा काळं अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांनी बनतं आणि त्याच्या कडेला रंगीत धूर दिसतो. काकांच्या खोक्यावर आठ पॉइंटच्या अक्षरांत हे ठिपके मोजता येत होते. एका शब्दात दोन अक्षरं एकमेकांना चिकटली होती, कारण स्कॅन करताना ती तशीच आली आणि कुणी ती पुन्हा जुळवली नाहीत.

लेबलवर काय नव्हतं ते जास्त महत्त्वाचं. भारतात विकायच्या सीलबंद वस्तूवर आयातदाराचं नाव आणि पत्ता, कोणत्या देशात बनली, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय स्मार्टवॉचला बीआयएसची नोंदणी लागते. त्या चिन्हाजवळ R- आणि पुढे आठ आकडे असतात. हा क्रमांक सरकारच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये Verify R-no. under CRS या ठिकाणी टाकला की तो कुठल्या कारखान्याला, कुठल्या ब्रँडसाठी दिलाय ते समोर येतं. काकांच्या खोक्यावर क्रमांक होता. मी तो टाकला. नोंद निघाली ती एका वेगळ्याच कंपनीच्या वेगळ्याच वस्तूची, घड्याळाची नव्हेच. कुठल्या तरी खोक्यावरून उचललेला आकडा होता. क्रमांक नुसता खरा असून भागत नाही, तो त्याच ब्रँडचा आणि त्याच वस्तूचा असायला हवा.

इथे आपल्या घरांतली एक अडचण सांगायला हवी. मामाने दुबईहून किंवा बहिणीने अमेरिकेतून आणलेल्या अस्सल घड्याळाच्या खोक्यावर भारतीय किंमत नसते, आयातदार नसतो आणि बीआयएसचं चिन्हही नसेल. ते खोटं नाही, ते फक्त इथे विकण्यासाठी बांधलेलं नाही. विकणारे नेमका याचाच फायदा घेतात. ‘कस्टमचा माल’ या दोन शब्दांनी लेबलवरची प्रत्येक गैरहजेरी माफ होते. अशा वेळी लेबल सोडून द्या आणि सीरियल नंबर घ्या. तो खोक्यावर असतो आणि खुद्द घड्याळात Settings, मग General, मग About इथे दिसतो. दोन्ही अक्षरशः जुळले पाहिजेत. मग तोच नंबर checkcoverage.apple.com वर टाकायचा. नकलेच्या खोक्यांवर कुणाचा तरी खरा नंबर हजारो वेळा छापलेला असतो, त्यामुळे साइटने ओळख दिली तरी पुरत नाही. साइट जे मॉडेल सांगते ते हातातल्या घड्याळाशी जुळतं का, तेही बघा. बारकोड ८९०ने सुरू होतो म्हणून माल अस्सल भारतीय, ही समजूतही सोडून द्या. ते आकडे कोड देणाऱ्या संस्थेचे असतात आणि बारकोड कुणालाही छापता येतो.

काकांच्या खोक्यात एक वस्तू जास्त होती. तीन सुटे पट्टे. खऱ्या अल्ट्राच्या खोक्यात घड्याळ, एक पट्टा आणि चार्जरची वायर असते. फुकट मिळालेल्या वस्तूंनी खोका जड झाला होता, आणि मुलाला तो वजनामुळेच खरा वाटला होता.

या सगळ्यानंतर शेवटची खात्री एका आयफोनने झाली. खरं ॲपल वॉच आयफोनच्या ‘वॉच’ ॲपशीच जोडलं जातं. काकांच्या घड्याळाने क्यूआर कोड दाखवला आणि एक भलतंच ॲप उतरवायला सांगितलं. काकांचा फोन अँड्रॉइडचा आहे आणि घड्याळ त्याला आनंदाने जोडलेलं होतं. तिथेच खरं तर कळायला हवं होतं. खरं ॲपल वॉच अँड्रॉइड फोनला जोडताच येत नाही.

एक परीक्षा मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती लोक सर्वांत आधी करतात आणि चुकीचा निष्कर्ष काढतात. घड्याळ टिश्यूच्या गुंडाळीवर बांधायचं आणि नाडीचे ठोके आले तर खोटं ठरवायचं. ठोके मोजणारं घड्याळ हिरवा उजेड टाकतं आणि परत आलेल्या उजेडातले चढउतार मोजतं. मऊ, उजळ वस्तूवर चांगल्या कंपन्यांची घड्याळंही कधीकधी गोंधळून आकडा दाखवतात. तेव्हा एवढ्यावरून अस्सल घड्याळाला खोटं म्हणू नका. पण काकांच्या घड्याळाने टिश्यूच्या गुंडाळीवर रक्तदाबही दाखवला, ११६/७७. पाच मिनिटांनी ११८/७८.

रात्री मी काकांकडे माझं दंडाला बांधायचं यंत्र घेऊन गेले. त्यांना पाच मिनिटं खुर्चीत टेकून शांत बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पहिलं मोजमाप १५६/९४. थोड्या वेळाने दुसरं १५२/९२. काका काही बोलले नाहीत. काकू आतून गोळीची पट्टी घेऊन आल्या.

पैसे परत मिळाले नाहीत. बिल नव्हतं आणि विकणाऱ्याचा नंबर बंद. बनावट खूण लावून माल विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगाचा गुन्हा आहे, पण तक्रारीला आधी कोणी विकलं हे दाखवता यायला हवं. बिल असेल, ऑर्डरची नोंद असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करा. ऑनलाइन मागवलेलं पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढून ठेवा, त्यात लेबल आणि घड्याळाची पाठ दोन्ही येऊ द्या.

तुमच्या घरात कुणाच्या हातावर असं घड्याळ असेल तर आज रात्री ते उलटं करून बघा, आणि मोरीत नेऊन अंधारात बघा. खोटं निघालं तरी वेळ सांगायला ते चालेल. त्यावरचा रक्तदाबाचा आकडा मात्र घरातल्या कुणालाही वाचू देऊ नका, आणि त्या आकड्यावरून कुणाची गोळी कमी झाली असेल तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा.